0/0 च्या लिमिटला डेरिव्हेटिव्हचा रूल किती वेळा लावायचा आणि कुठं थांबायचं

प्रश्न: सर, मी कोल्हापूरचाच, बारावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी चालू आहे. lim x→0 (e^x + e^(-x) − 2)/(x² + x³) या गणितात 0/0 येतंय म्हणून एल-हॉस्पिटल तीनदा लावला, उत्तर 0 आलं. आन्सर कीमध्ये 1 दिलंय. डेरिव्हेटिव्ह सगळे परत चेक केले, बरोबर आहेत. मग चुकतंय कुठं? आणि हा रूल किती वेळा लावायचा हे कळायचं कसं?

उत्तर:

डेरिव्हेटिव्ह बरोबर आहेत तुझे, आन्सर की पण बरोबर आहे. चुकलीय ती तिसरी पायरी. म्हणजे तिच्यात आकडेमोड चुकली असं नाही, ती पायरी घ्यायचीच नव्हती. राजारामपुरीत माझ्याकडं क्लासला येणाऱ्या पोरांच्या वह्यांत ही चूक मला दरवर्षी दिसते आणि ती हुशार पोरांच्याच वहीत जास्त असते, कारण त्यांना डेरिव्हेटिव्ह झटपट येतात आणि हात थांबतच नाही.

तुझं गणित पायरी पायरीनं लिहू. सुरुवातीला x = 0 टाकला तर वर 1 + 1 − 2 = 0, खाली 0. म्हणजे 0/0, रूल लावायला हरकत नाही. वरचं वेगळं, खालचं वेगळं डिफरन्शिएट केलं:

```
(e^x − e^(-x)) / (2x + 3x²)
```

परत x = 0 टाक. वर 1 − 1 = 0, खाली 0. परत 0/0, म्हणजे परत लावायला परवानगी आहे.

```
(e^x + e^(-x)) / (2 + 6x)
```

आता x = 0 टाक. वर 1 + 1 = 2, खाली 2. उत्तर 2/2 म्हणजे 1, गणित इथं संपलं. तू मात्र इथं x = 0 टाकलाच नाहीस, खाली अजून x दिसतोय म्हणून तो जाईपर्यंत पुढं गेलास आणि (e^x − e^(-x))/6 वर पोचलास, तिथं 0/6 आलं. खाली x शिल्लक आहे का नाही याच्याशी या रूलला काही देणंघेणं नाही. त्याला फक्त एवढंच बघायचं असतं की वरची आणि खालची किंमत दोन्ही 0 होतायत का.

पण "0/0 असेल तरच लावायचा" हे वाक्य तुझ्या सरांनी पण सांगितलं असणारच आणि तरी हात पुढं जातो, कारण ती अट का आहे हे बऱ्याच जणांना कुणी नीट उलगडून दाखवलेलं नसतं. ते एकदा डोक्यात बसलं की मग पाठ करायची गरज राहत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समज, दसरा चौकातनं दोन गाड्या एकाच क्षणी एकाच सिग्नलवरनं सुटल्या आणि दोन्ही स्टेशनकडं निघाल्या. सुटल्यावर अगदी पहिल्या क्षणभरात दोघांनी कापलेल्या अंतरांचं गुणोत्तर काय असेल? जे स्पीडचं गुणोत्तर तेच. एकीचा स्पीड दुसरीच्या तिप्पट असेल तर त्या क्षणापुरतं अंतर पण तिप्पट. हाच तो रूल, अंतर म्हणजे फंक्शन आणि स्पीड म्हणजे त्याचा डेरिव्हेटिव्ह. आता दोन्ही गाड्या उभ्या स्थितीतनं सुटल्या, म्हणजे सुरुवातीचा स्पीड दोघांचा 0 आहे, तर स्पीडच्या गुणोत्तरातनं पण 0/0 येणार आणि मग त्या क्षणी कोण किती जोरात स्पीड धरतंय ते बघावं लागतं, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह. इथपर्यंत सगळं ठीक. पण एक गाडी चौकात आणि दुसरी आधीच कावळा नाक्याला उभी असेल तर? तेव्हा चौकापासनं मोजलेल्या अंतरांचं गुणोत्तर काढायला स्पीडचा काही उपयोग नाही, कारण ती आधीच पुढं आहे आणि ते आधीचं अंतर स्पीडमध्ये कुठंच दिसत नाही.

गणिताच्या भाषेत हेच असं होतं. डेरिव्हेटिव्ह घेतला की फंक्शनमधला कॉन्स्टंट उडतो. फंक्शनची त्या पॉइंटची किंमत 0 असेल तर उडणारा कॉन्स्टंट पण 0 च असतो, त्यामुळं काहीच हरवत नाही. पण किंमत 2 असेल तर तू डेरिव्हेटिव्ह घेऊन तो 2 फेकून दिलास, आणि तुझ्या गणितात तर वरचा 2 आणि खालचा 2 हेच उत्तर होतं. तिसऱ्या पायरीत तू नेमकं उत्तरच पुसून टाकलंस आणि उरलेल्या गोष्टीचं गुणोत्तर काढत बसलास. म्हणून प्रत्येक वेळी डिफरन्शिएट करायच्या आधी विचारायचं, आता जो कॉन्स्टंट उडणार आहे तो 0 आहे ना? वरचा पण आणि खालचा पण.

म्हणून वहीत एक सवय लाव. प्रत्येक पायरी लिहिली की लगेच तिच्या शेजारी x ची किंमत टाकून वरचं आणि खालचं वेगवेगळं लिहायचं, "वर 0, खाली 0" किंवा "वर 2, खाली 2". मनातल्या मनात नाही, कागदावर. 0/0 सोडून दुसरं काहीही आलं की पेन खाली ठेवायचा. (∞/∞ ला पण हा रूल चालतो, पण तो विषय वेगळा, इथं आपण 0/0 चंच बोलतोय.)

0/0 सोडून काय काय येऊ शकतं? दोन्ही आकडे 0 नसतील तर सरळ भागाकार, ते तुझ्याच गणितात झालं. फसवतात ते दुसरे दोन प्रकार. एक म्हणजे वर 0 आणि खाली आकडा. (1 − cos x)/(x + x²) घे. एकदा रूल लावला की sin x/(1 + 2x), किंमत टाकली की 0/1. उत्तर 0, संपलं. पण वर 0 दिसला की बऱ्याच पोरांना वाटतं अजून काम राहिलंय, आणि ते परत लावून cos x/2 म्हणजे 1/2 काढतात. तुझ्या गणितात जास्त पुढं गेल्यामुळं 1 चा 0 झाला, इथं 0 चा 1/2 झाला. म्हणजे जास्तीची पायरी घेतली की उत्तर ठरावीक दिशेनं चुकतं असं काही नाही, त्यामुळं शेवटच्या उत्तराकडं बघून चूक कळत नाही.

दुसरा प्रकार, वर आकडा आणि खाली 0. (1 − cos x)/x³ मध्ये पहिली पायरी sin x/(3x²), ती 0/0. दुसरी पायरी cos x/(6x), आता वर 1 आणि खाली 0. इथं थांबायचं. x उजवीकडनं 0 कडं येत असेल तर हे +∞ कडं जातं, डावीकडनं येत असेल तर −∞ कडं, म्हणजे लिमिट अस्तित्वातच नाही. पण एक पायरी पुढं गेलास तर −sin x/6, आणि त्याची किंमत 0. किती साजरं उत्तर दिसतंय बघ, आणि किती चुकीचं. x = 0.1 टाकून मूळ गणित काढलं तर साधारण 4.996 येतं, x = 0.01 ला साधारण 50. जे फंक्शन 0 च्या जवळ जाताना 50 वर पोचतंय आणि अजून वाढतच चाललंय त्याचं लिमिट 0 कसं असेल?

ही जी आकडा टाकून बघायची पद्धत आहे ती शंका आली की वापर. तुझ्या गणितात x = 0.1 टाकला तर वरचं 0.0100083 आणि खालचं 0.011, गुणोत्तर साधारण 0.91. x = 0.01 टाकला तर साधारण 0.990. दुसऱ्या बाजूनं x = −0.01 टाकला तर साधारण 1.010. दोन्ही बाजूंनी 1 कडं चाललंय, 0 चं नाव पण नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. ट्रिगची गणितं असतील तर कॅल्क्युलेटर रेडियनवर पाहिजे, डिग्रीवर राहिला तर भलतंच काहीतरी येतं. आणि x लई बारीक घ्यायचा नाही. जितका बारीक तितकं उत्तर अचूक असं पोरांना वाटतं, पण इथं उलटं होतं. x = 0.000001 घेतलास तर e^x + e^(-x) मधनं 2 वजा केल्यावर उरतं फक्त 0.000000000001, एवढे आकडे बऱ्याच कॅल्क्युलेटरच्या हातात नसतात, तो एकतर सरळ 0 दाखवतो नाहीतर शेवटचे अंक कचरा देतो. 0.1 आणि 0.01 एवढं पुरतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो हे मला माहितीय, हे घरी प्रॅक्टिस करताना स्वतःची चूक पकडायला आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, किती वेळा लावायचा हे आधीच कसं कळणार. हे बहुतेक गणितांत सुरुवात करायच्या आधीच कळतं. वरचं फंक्शन 0 च्या जवळ x च्या कुठल्या पॉवरसारखं वागतंय ते बघायचं, तसंच खालचं. sin x जवळपास x सारखं, म्हणून त्याची पॉवर 1. 1 − cos x जवळपास x²/2 सारखं, पॉवर 2. x − sin x जवळपास x³/6 सारखं, पॉवर 3. गुणाकार असेल तर पॉवरची बेरीज, म्हणजे x² · sin x ची पॉवर 3. वरची पॉवर आणि खालची पॉवर यातली जी लहान तितक्या वेळा रूल लावायचा, त्यानंतर 0/0 राहतच नाही.

तुझ्या गणितात e^x = 1 + x + x²/2 + x³/6 + ... आणि e^(-x) = 1 − x + x²/2 − x³/6 + ..., दोघांची बेरीज करून 2 वजा केले की x आणि x³ दोन्ही उडतात, राहतं x² + x⁴/12 + ..., म्हणजे पॉवर 2. खाली x² + x³, आणि 0 च्या जवळ x³ हा x² च्या मानानं नगण्य असतो, म्हणून पॉवर 2. लहान पॉवर 2, म्हणून दोनदा. तू बहुतेक खालच्या x³ कडं बघून तीनदा ठरवलंस, पण इथं सगळ्यात मोठी पॉवर नाही तर सगळ्यात छोटी पॉवर बघायची असते. आणि नीट बघितलंस तर x²/x² म्हणजे उत्तर 1 हे डेरिव्हेटिव्ह न घेताच दिसतंय. पॉवर सारख्या असतील तर उत्तर 0 नसलेला एखादा आकडा, वरची पॉवर मोठी असेल तर उत्तर 0, खालची मोठी असेल तर किंमत अनंताकडं जाते आणि मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. सीईटीत गणिताचा एक प्रश्न २ मार्कांचा आणि ५० प्रश्नांना ९० मिनिटं, तिथं हा पहिला अंदाज फार कामाला येतो.

आता परत परत रूल लावतानाच होणारी अजून एक गोष्ट, आणि मला वाटतं पोरांचा सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. मधल्या पायरीत सोपं करायचं सोडून सरळ पुढचा डेरिव्हेटिव्ह घेणं. हे गणित घे:

```
lim x→0  (x cos x − sin x) / x³
```

0/0 आहे. एकदा लावला तर वर cos x − x sin x − cos x, म्हणजे नुसतं −x sin x राहिलं, खाली 3x². इथं परत 0/0 येतंय, म्हणजे रूल लावायला परवानगी आहे, पण गरज आहे का? वरचा एक x आणि खालचा एक x काटला की −sin x/(3x) राहतं, आणि sin x/x चं लिमिट 1 हे तुला अकरावीपासनं पाठ आहे. उत्तर −1/3. रूल एकदाच लागला. न काटता तसाच पुढं गेलास तर प्रॉडक्ट रूल लावून −(sin x + x cos x)/(6x), मग परत लावून −(2 cos x − x sin x)/6, उत्तर तेच −1/3, पण मधे चिन्ह चुकायच्या दोन जागा तयार झाल्या. मघाशी सांगितलेला पॉवरचा हिशोब जास्तीत जास्त तीन वेळा सांगतो, काटाकाटी केली की त्याच्या आतच भागतं.

याच गणितात एक शॉर्टकट घ्यायचा मोह होतो तो सांगतो. "x → 0 ला cos x → 1, मग cos x च्या जागी 1 टाकू या" असं म्हणून (x − sin x)/x³ करायचं आणि 1/6 उत्तर काढायचं. खरं उत्तर −1/3, चिन्ह सुद्धा उलटं आलं. कारण cos x इथं बेरीज-वजाबाकीच्या आत अडकलाय. cos x आणि 1 मधला फरक x²/2 इतका, तो x नं गुणला की x³/2 होतो, आणि खाली x³ च आहे, म्हणजे तू जो भाग "नगण्य" म्हणून टाकलास तो नगण्य नव्हताच. जो फॅक्टर अख्ख्या वरच्या किंवा अख्ख्या खालच्या भागाला गुणलेला आहे आणि ज्याचं लिमिट 0 नसलेला ठरावीक आकडा आहे, तोच बाहेर काढून त्याची किंमत टाकता येते. म्हणजे (x − sin x) · cos x / x³ असतं तर cos x ला खुशाल 1 केलं असतं.

भागाकाराचा रूल, म्हणजे u/v चा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा फॉर्म्युला, इथं लावायचा नाही हे पहिल्या पायरीला सगळ्यांच्या लक्षात असतं, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला घाईत हात तिकडं जातो. तेवढं बघ, त्यावर जास्त लिहीत नाही.

एक शेवटचं, हे सीईटीला कमी आणि पुढं बीएस्सीला, इंजिनिअरिंगला जास्त लागेल, पण आत्ताच माहीत असलेलं बरं. रूल असं म्हणतो की डेरिव्हेटिव्हच्या गुणोत्तराचं लिमिट मिळालं तर मूळ गणिताचं लिमिट तेच. ते मिळालंच नाही तर मूळ लिमिट पण नाही, असं तो म्हणत नाही. x² sin(1/x) भागिले sin x बघ, x → 0 ला 0/0. रूल लावला की वर 2x sin(1/x) − cos(1/x) आणि खाली cos x. यातला cos(1/x) हा x 0 कडं येताना −1 आणि 1 च्या मधे सारखा हेलकावत राहतो, त्यामुळं याचं लिमिट नाही. म्हणून "लिमिट नाही" असं लिहून मोकळा झालास तर चुकलं. मूळ गणित x/sin x गुणिले x sin(1/x) असं फोड. पहिला भाग 1 कडं जातो, दुसरा भाग −|x| आणि |x| यांच्या मधे दाबला जातो म्हणून 0 कडं. उत्तर 0. इथं रूल चुकीचा नाही, त्याला या गणिताबद्दल काही सांगताच येत नाही, एवढंच. अशा वेळी मागं येऊन दुसरी पद्धत धरायची.

तसा हा रूल जुना आहे, १६९६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात आला. नाव लागलं लॉपिताल या फ्रेंच सरदाराचं, पण तो शोधला होता योहान बर्नुलीनं, लॉपिताल त्याला पैसे देऊन गणित शिकत होता आणि शोध पण विकत घेत होता. आपल्याकडं सगळे एल-हॉस्पिटलच म्हणतात, तसंच म्हण, काही बिघडत नाही.

आता एक गणित तुझ्यासाठी, वर सांगितलेलं सगळं यात आहे:

```
lim x→0  (log(1+x) − x) / (x² + x⁴)
```

log म्हणजे नैसर्गिक, बेस e. आधी पॉवर मोज: log(1+x) = x − x²/2 + ..., त्यातनं x गेला की वर पॉवर 2, खाली पण 2. म्हणजे जास्तीत जास्त दोनदा. पहिल्या पायरीला वर 1/(1+x) − 1 येईल, ते तसंच ठेवू नको, एकत्र करून −x/(1+x) कर. खाली 2x + 4x³, म्हणजे x(2 + 4x²). x काटला की −1/((1+x)(2+4x²)), x = 0 टाकला की −1/2. न काटता दुसऱ्यांदा लावलास तरी −1/(1+x)² भागिले 2 + 12x², तेच −1/2. तिसऱ्यांदा लावलास तर वर 2 आणि खाली 0 येईल, आणि तेव्हा मागं वळून दुसऱ्या पायरीशेजारी "वर −1, खाली 2" लिहिलं होतंस का ते बघ.